शेअरऐवजी कॉल : गोरव्याच्या गच्चीवर मांडलेला एक हिशेब

जानेवारी २०२५ च्या उत्तरायणाला माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून आला होता. गोरव्यातल्या आमच्या गच्चीवर सकाळपासून पतंग चालले होते. दुपारी उंधियू-जिलेबी झाल्यावर आम्ही सावलीत बसलो आणि बोलणं माझ्या गृहकर्जावर आलं. कर्जाचा व्याजदर साडेआठ टक्के होता आणि दुसरीकडे दहा वर्षांच्या एसआयपीतून निफ्टी इंडेक्स फंडात चांगली रक्कम जमली होती.

दादा म्हणाला, "एवढे पैसे फंडात अडकवून का ठेवतोस? विकून टाक. त्याच्या पाव रकमेत लांब मुदतीचा कॉल घे, बाजार वाढला तर तुझा फायदा तसाच राहील. उरलेल्या पैशात कर्ज फेड. मी तिकडे लीप्स घेऊन हेच करतो."

लीप्स म्हणजे शिकागोच्या ऑप्शन एक्स्चेंजने १९९० मध्ये आणलेले, एक-दोन वर्षं किंवा त्याहून लांब मुदतीचे ऑप्शन. कल्पना मला पटली. मी सॉफ्टवेअरवाला, त्या रात्री लगेच स्प्रेडशीट उघडून बसलो. पुढचे दोन आठवडे जे शिकलो, ते इथे लिहितोय, कारण मंडळातल्या आमच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर आता ऑप्शनचं अ‍ॅप आहे.

कॉल म्हणजे काय हे बाबांना समजावताना त्यांनीच मला सोपं उदाहरण दिलं. "म्हणजे बानाखतच की," ते म्हणाले. पुण्यामुंबईकडे ज्याला साठेखत म्हणतात, ते आपल्या वडोदऱ्यातलं बानाखत. प्लॉटचा भाव आज ठरवायचा, थोडी रक्कम बाना म्हणून द्यायची आणि ठरलेल्या तारखेपर्यंत व्यवहार पुरा करायचा. मधल्या काळात भाव वाढला तर फायदा आपला. तारखेला आपण मागे हटलो तर बाना गेला. पुढे बाबांनी विचारलं, "मग मधल्या काळातलं भाडं कोणाला?" भाडं अर्थात मूळ मालकाला. कॉलमध्ये त्या भाड्याच्या जागी लाभांश असतो, आणि तो आपल्याला मिळत नाही.

पहिली अडचण अशी की दादाचा मार्ग इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे एखाद्या कंपनीच्या शेअरवरचे ऑप्शन फक्त चालू आणि पुढच्या दोन महिन्यांचे मिळतात. शिवाय मुदत संपताना कॉल फायद्यात असेल तर पूर्ण किंमत भरून शेअर घ्यावे लागतात. म्हणजे वर्षभर शेअरच्या जागी ठेवायला हे उपयोगाचं नाही. लांब मुदतीचे ऑप्शन निफ्टी निर्देशांकावर मिळतात. त्यात जून आणि डिसेंबरचे करार काही वर्षं पुढचेही असतात. माझा फंडही निफ्टीचाच होता, म्हणून मी निफ्टीचा डिसेंबरचा कॉल हिशेबाला घेतला.

आकडे सोपे व्हावेत म्हणून निफ्टी २५,००० धरू आणि मुदत एक वर्ष. लॉट तेव्हा ७५ चा होता. म्हणजे एका लॉटइतका निफ्टी फंडात ठेवायचा तर १८,७५,००० रुपये लागतात. आता २०,००० स्ट्राइकचा कॉल घेऊ, म्हणजे आजच्या भावाच्या बराच खालचा. त्याची वाजवी किंमत ६,१०० च्या आसपास येते, म्हणजे लॉटला ४,५७,५०० रुपये. वाचलेलं भांडवल १४,१७,५०० रुपये. दादाची पाव रक्कम ती हीच.

त्या ६,१०० चे दोन भाग आहेत. ५,००० हा आजचाच फरक, २५,००० वजा २०,०००. तो खरा ऐवज. उरलेले १,१०० म्हणजे वेळेची किंमत. निफ्टी वर्षभर जागचा हलला नाही तर हे १,१०० हळूहळू विरघळून शून्य होतात. लॉटला ८२,५०० रुपये. त्यात हुकलेला लाभांश धरायचा. निफ्टीतल्या कंपन्यांचा मिळून वर्षाचा लाभांश सव्वा टक्का धरला, तर १८.७५ लाखांवर सुमारे २३,४०० रुपये. फंडात हे पैसे आपोआप पुन्हा गुंतवले जातात, कॉलमध्ये ते नसतातच. दोन्ही मिळून वर्षाचा खर्च १,०५,९०० रुपये.

आता दुसरी बाजू. वाचलेले १४ लाख १७ हजार साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सुमारे ९२,१०० रुपये व्याज मिळतं. खर्चातून ते वजा केलं की १३,८०० उरतात. मला आधी वाटलं की हा आकडा असाच आला असेल. तसं नाही. कॉल विकणारा तुमच्या वतीनं पूर्ण निफ्टी धरून बसतो. त्याचं अडकलेल्या पैशावरचं व्याज तो तुमच्याकडून घेतो, त्याला मिळणारा लाभांश किमतीतून आधीच कमी करतो, आणि निफ्टी २०,००० च्या खाली गेला तर पुढचं नुकसान तो सोसणार, त्याचा विमाहप्ता लावतो. आपले १३,८०० हा तो विमाहप्ता. थोडक्यात, लांब मुदतीचा कॉल म्हणजे विमा जोडलेलं कर्ज. दादा ज्याला वाचलेलं भांडवल म्हणत होता, ते खरं तर साडेसहा टक्क्यांनी उसनं घेतलेलं भांडवल होतं.

हे कळल्यावर मोह वाढलाच, कारण माझं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं. वाचलेले पैसे तिथे भरले तर वर्षाला सुमारे १,२०,५०० रुपये व्याज वाचतं. १,०५,९०० चा खर्च वजा केला तरी १४,६०० रुपये फायदा, आणि वर विमा फुकट. मी बायकोला उठवून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "आणि फंड विकल्यावर टॅक्स?"

तो मी धरलाच नव्हता. माझ्या फंडात सुमारे ९ लाखांचा नफा साठलेला होता. सव्वा लाखाची सूट वजा जाता उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आणि सेस, म्हणजे जवळजवळ १ लाख रुपये. हा कर कधी ना कधी भरायचाच आहे, पण आज भरला की तेवढी रक्कम आजच वाढायची थांबते. शिवाय पुढचा नफा कॉलमधून येणार, आणि ऑप्शनचा नफा धंद्याचं उत्पन्न धरला जातो. तो दरवर्षी माझ्या ३० टक्क्यांच्या पट्टीत बसणार. फंड न विकता ठेवला तर कर पुढे ढकलला जातो, कॉलमध्ये मुदत संपली की त्याच वर्षी हिशेब द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष भाव बघितल्यावर कळली. वाजवी किंमत ६,१०० हे गणित झालं, पण बाजारात कोणीतरी त्या भावानं विकायला हवं. डिसेंबरच्या खोल स्ट्राइकला मला जे दिसलं ते आपल्या आकड्यांत सांगायचं तर असं: घेणारा ५,८७५ ला, विकणारा ६,३२५ ला, आणि शेवटचा सौदा दोन दिवसांपूर्वीचा. विकणाऱ्याच्या भावात घेतलं तर वाजवी किमतीपेक्षा २२५ जास्त, लॉटला १६,८७५ रुपये. माझे वर्षाचे १४,६०० तिथेच संपले. मी मधला भाव लावून तीन दिवस ऑर्डर ठेवली. कोणी घेतली नाही. निफ्टीचे ऑप्शन मुदतीच्या दिवशीच वसूल होतात, आधी बाहेर पडायचं तर बाजारात गिऱ्हाईक शोधावंच लागतं. त्यामुळे ही दरी जाताना पुन्हा भरावी लागू शकते.

मग २५,००० स्ट्राइकचा कॉल का नको? तिथे सौदे जास्त होतात आणि किंमत २,०५० च्या आसपास, लॉटला दीड लाखच. पण ते सगळे २,०५० वेळेची किंमत आहेत. निफ्टी जागेवर राहिला तर पूर्ण दीड लाख जातात, आणि नुसतं मुद्दल सुटायला निफ्टी २७,०५० वर जावा लागतो. शिवाय सुरुवातीला निफ्टी १०० नं वाढला तर हा कॉल साठ-पासष्टनंच वाढतो. २०,००० चा कॉल नव्वदच्या वर वाढतो. भांडवल जितकं जास्त वाचलेलं दिसतं, तितका कॉल शेअरसारखा कमी वागतो. स्वस्त दिसणारा कॉल शेअरची जागा घेत नाही, तो निराळाच सौदा आहे.

राहिला पडझडीचा प्रश्न. डिसेंबरात निफ्टी २०,००० वर आला असता, तर फंडात ३,७५,००० चा तोटा झाला असता, पण १५ लाखांचा फंड हातात राहिला असता. कॉलमध्ये सगळे ४,५७,५०० गेले असते. निफ्टी १८,००० पर्यंत पडला असता तर कॉलवाला कमी तोट्यात, हेही खरं. पण त्याच्याकडे बाजारातलं काहीच उरत नाही. परतीच्या चढात सामील व्हायला त्याला पुन्हा चार-साडेचार लाख आणावे लागतात, आणि माझे पैसे तोवर गृहकर्जात गेलेले असते. तिथून ते काढता येत नाहीत.

७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीनं निफ्टी एका दिवसात ३ टक्क्यांहून जास्त पडला. मी मुद्दाम ऑफिसातून ते डिसेंबरचे कॉल उघडून बघितले. बऱ्याच खोल स्ट्राइकला घेणाऱ्याचा रकाना रिकामा होता. फंड मात्र त्या दिवशीही दिवसाच्या भावानं मोडता आला असता.

दादाला मी चुकीचा म्हणत नाही. त्याच्याकडे शेअरवरच लांब मुदतीचे कॉल मिळतात आणि मोठ्या कंपन्यांच्या कॉलला गिऱ्हाईक असतं. त्यानं आधी घेतलेले शेअर विकलेले नाहीत, नव्या खरेदीपुरताच तो कॉल वापरतो, आणि वाचलेली रक्कम सरकारी रोख्यांत वेगळी ठेवतो, म्हणजे कॉल बुडाला तरी दुसरा घ्यायला पैसे असतात. त्याच्या बोलण्यातला हा शेवटचा भाग गच्चीवर मी ऐकलाच नव्हता.

मी फंड तसाच ठेवला. त्या वर्षीचा बोनस कर्जात भरला. बाबांनी विचारलं, "काय झालं तुझ्या बानाखताचं?" म्हटलं, "प्लॉट आपलाच होता बाबा, तो विकून त्याचंच बानाखत करायला निघालो होतो."