दोन हजार परतावे, चार कालखंड

म्युच्युअल फंडाचा रोलिंग रिटर्न काढला की प्रश्न मिटला, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि इतरांनाही तसंच सांगत होतो. आज मी ही आकडेमोड पूर्वीइतकीच आवडीने करतो, पण तिच्यातून निघणाऱ्या मध्यकावरचा माझा विश्वास पुष्कळ कमी झाला आहे.

पद्धत सोपी आहे. अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावरून फंडाच्या ग्रोथ पर्यायाची रोजची एनएव्ही उतरवून घ्यायची. लाभांश पर्यायाची घेतली, तर लाभांश वाटला त्या त्या दिवशी किंमत घसरलेली दिसते आणि सगळा हिशेब बिघडतो. मग प्रत्येक तारखेसमोर बरोबर तीन वर्षांपूर्वीची किंमत ठेवायची. त्या दिवशी सुट्टी असेल तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाची घ्यायची. भागाकाराचं घनमूळ काढून त्यातून एक वजा केला की वार्षिक परतावा मिळतो. असे सगळे परतावे चढत्या क्रमाने लावले की पहिला सर्वांत वाईट, शेवटचा सर्वांत चांगला आणि मधला तो मध्यक.

डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाले. तेव्हापासून २०२४ अखेरपर्यंतचा निफ्टी ५० इंडेक्स फंड घेतला, तर तीन वर्षांचे सुमारे बावीसशे परतावे हाती येतात. एवढ्या मोठ्या नमुन्याचा मध्यक म्हणजे आपल्याला बहुधा मिळणारा परतावा, असा माझा समज होता. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचा एकच आकडा दाखवणाऱ्या जाहिरातींपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे, हे मी अजूनही म्हणतो.

मत बदललं ते परताव्यांसमोर तारखा ठेवून पाहिल्यावर. सर्वांत वाईट शंभर परतावे वेगळे काढले, तर ते सगळे २०२० च्या मार्चपासूनच्या काही महिन्यांत संपणारे निघतात. सर्वांत चांगले शंभर पाहिले, तर त्यांतले बहुतेक त्याच महिन्यांत सुरू होणारे असतात! २३ मार्च २०१७ ला निफ्टी ९,०८६ वर बंद झाला, २३ मार्च २०२० ला ७,६१० वर आणि २३ मार्च २०२३ ला १७,०७७ वर. लाभांश न धरता पहिल्या तीन वर्षांत दरसाल सुमारे ५.७ टक्के तोटा होतो आणि पुढच्या तीन वर्षांत दरसाल सुमारे ३१ टक्के नफा. तक्त्याच्या खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला जे दिसतं, ते एकाच पडझडीचं काम आहे.

याचं कारण रोलिंगच्या रचनेतच आहे. तीन वर्षांत बाजाराचे साधारण ७४० दिवस येतात. कालखंड एक दिवस पुढे सरकवला की जुना एक दिवस गळतो, नवा एक येतो आणि बाकीचे तेच राहतात. त्यामुळे शेजारशेजारचे परतावे हे वेगवेगळे पुरावे नव्हेत. बारा वर्षांत एकमेकांवर न चढणारे तीन वर्षांचे कालखंड चारच बसतात. बावीसशे आकडे दिसले, तरी माझ्याकडे माहिती जवळपास चार निरीक्षणांचीच होती, आणि चार निरीक्षणांच्या मध्यकावर मुलीच्या शिक्षणाचे पैसे ठेवायला मी धजावलो नसतो.

शिवाय त्या बारा वर्षांत २००८ नाही. ८ जानेवारी २००८ ला ६,२८८ वर असलेला निफ्टी २७ ऑक्टोबरला २,५२४ वर आला होता, म्हणजे साठ टक्के घसरला होता. डायरेक्ट प्लॅनच्या तक्त्यातला ‘सर्वांत वाईट’ हा २०१३ नंतरच्या बाजारातला सर्वांत वाईट असतो. म्हणून आता मी त्याच योजनेच्या रेग्युलर प्लॅनची जुनी एनएव्ही घेतो. त्याचा खर्च जास्त असल्याने परतावा थोडा कमी दिसतो, पण २००८ हिशेबात येतं, आणि ते मला अधिक मोलाचं वाटतं.

मध्यक मी टाकून दिलेला नाही. दोन फंडांची तुलना करताना, दोन्हींचे तंतोतंत त्याच तारखांचे कालखंड घेतले असतील तर, तो उपयोगी पडतो. मात्र पैसे ठरावीक तारखेला लागणार असतील, तर मी आधी सर्वांत वाईट परताव्यांच्या शेवटच्या तारखा पाहतो. त्या एकाच ठिकाणी गोळा झाल्या असतील, तर ती एक घटना म्हणून मोजतो आणि अशा किती वेगळ्या घटना या फंडाने पाहिल्या आहेत ते लिहून ठेवतो. तो आकडा दोन-तीनच्या पुढे क्वचितच जातो. फीसाठी लागणारी रक्कम मी त्या तारखेच्या तीन वर्षं आधीच इक्विटीतून काढायला लागतो, मध्यक काहीही सांगत असला तरी.