इयादतीला जाताना पिशवीत काय न्यावे?

केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळे परळला हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे मदनपुऱ्याहून परळला इयादतीसाठी जाणे आम्हाला नवे नाही. वाटेत फळवाला दिसला की पिशवी भरायची आणि वॉर्ड गाठायचा, हीच आमची सवय होती. नणंदेच्या ऑपरेशनने ती मोडली.

त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन सकाळी नऊला ठरले होते आणि रात्रीपासून काही खायचे नाही, असे सिस्टरने बजावले होते. साडेसहाला आमच्या खाला जमजम आणि मदिन्याचे खजूर घेऊन पोहोचल्या. तबर्रुक नाकारायचे कसे? नणंदेने तीन खजूर खाल्ले. थिएटरबाहेर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "सकाळपासून काय घेतले?" नणंदेने खरे ते सांगितले आणि ऑपरेशन दोन दिवस पुढे गेले. खाला रडू लागल्या.

डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले. भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकण्याची जाणीव झोपी जाते. पोटातले अन्न वर आले तर ते थेट फुफ्फुसात उतरू शकते आणि त्याने जीवही जाऊ शकतो. म्हणून साधे अन्न निदान सहा तास आधी बंद करतात, तळलेले किंवा मटणाचे जेवण आठ तास आधी. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, पण तेही विचारूनच द्यावे. साडेसहाला खाल्लेल्या खजुराचे सहा तास साडेबाराला भरतात, तोवर त्या दिवसाची यादी संपत आलेली असते.

ऑपरेशन झाल्यावर आमचीही चूक झाली. आम्ही अत्तर लावून गेलो होतो. भुलेनंतर आधीच मळमळ असते, त्यात तो वास. नणंदेला उलटी झाली आणि टाक्यांवर ताण येऊन त्या कळवळल्या. शेजारच्या खाटेवर आलेला गुच्छही सिस्टरने बाहेर ठेवायला लावला. फुलदाणीच्या साठल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि खाटेजवळच्या छोट्या कपाटात औषधांनाच जेमतेम जागा असते.

त्या चार दिवसांत उपयोगी पडले ते वेगळेच. लांब वायरचा चार्जर, पडल्यापडल्या पिता यावे म्हणून नळीची बाटली, न घसरणारी रबरी चप्पल आणि पुढून बटणांचा सैल गाऊन. सर्वात मोलाचा ठरला भाचीसाठी नेलेला जेवणाचा डबा. आईजवळ रात्रंदिवस बसलेल्या त्या मुलीला दोन दिवस कुणी "जेवलीस का?" म्हणून विचारलेच नव्हते.

आता निघण्यापूर्वी आम्ही रुग्णाजवळच्या माणसाला फोन करून विचारतो, "आज काय चालते आणि तुझ्यासाठी काय आणू?" खाला आजही खजूर नेतात, पण रुग्णाच्या हातात देत नाहीत. डबी भाचीकडे सोपवतात आणि म्हणतात, "डॉक्टर हो म्हणतील तेव्हा दे, बेटा."