आठ दिवस आणि एक ‘आणि’

आपल्या पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक जुनी फाइल असते. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि त्यांच्याच शेजारी घरातील कर्त्या माणसाचे नेमणूकपत्र. पहिल्या पगाराच्या आनंदात त्या पत्रावर सही झालेली असते आणि त्यानंतर ते कोणी वाचलेले नसते. वाचायचे ठरवले तरी ते सहजासहजी समजत नाही. कारखान्याच्या कर्मचारी विभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या काळात अशी पत्रे आणि फाटकाजवळच्या फलकावर लावायचे नियम साध्या मराठीत उतरविण्याचे काम माझ्या वाट्याला अनेकदा आले. त्यांपैकी एकाच कलमाविषयी येथे लिहितो, कारण या कामातील बहुतेक अडचणी त्या एका कलमात एकत्र भेटतात.

कलम रजेनंतरच्या गैरहजेरीचे आहे. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा १९४६ साली झाला आणि त्याखालील आदर्श स्थायी आदेशांतून ते असंख्य कारखान्यांच्या नियमांत गेले. मूळ इंग्रजी मजकुराचे आमच्या फलकावर जे मराठी रूप होते, ते साधारण असे होते:

‘कर्मचारी मंजूर अथवा तदनंतर वाढविण्यात आलेल्या रजेच्या कालावधीपश्चात अनुपस्थित राहिल्यास, रजा समाप्तीपासून आठ दिवसांच्या आत तो परत येत नाही आणि रजा समाप्तीपूर्वी परतण्याच्या आपल्या असमर्थतेबाबत नियोक्त्याचे अथवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे समाधान करीत नाही तोपर्यंत, त्याचा नियुक्तीवरील धारणाधिकार संपुष्टात येईल.’

त्याच कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावणे मालकावर बंधनकारक होते. आमचा फलक मराठीत होता; तो समजत होता, असे मात्र म्हणवत नाही. एका ज्येष्ठ कामगाराने मला सरळ विचारले होते, “साहेब, हा धारणाधिकार म्हणजे पगार की फंड?” तो वाचता येणारा, विचार करणारा माणूस होता. दोष त्याच्या आकलनाचा नव्हता.

आमच्या कार्यालयातील एका उत्साही तरुण सहकाऱ्याने हे कलम एका ओळीत बसविले: ‘रजा संपल्यावर आठ दिवसांत योग्य कारण घेऊन कामावर आला नाहीत, तर नोकरी जाईल.’ ओळ सुबक होती आणि सर्वांना आवडली. परंतु मूळ कलमाशी ती शब्दशः ताडून पाहिली, तेव्हा तिच्यात चार ठिकाणी अर्थ बदललेला आढळला. ते चार बदल समजून घेतले म्हणजे सोपे करण्याचे काम नेमके कोठे फसते, हे ध्यानात येते.

पहिली गोष्ट ‘आणि’ या शब्दाची. मूळ कलमात कामगाराने दोन वेगवेगळ्या गोष्टी करायच्या आहेत: वेळेत परत यायचे, आणि उशीर का झाला ते पटवून द्यायचे. एखादा माणूस पाचव्या दिवशी परत आला आणि कारण विचारल्यावर गप्प राहिला, तर तो कलमाच्या कचाट्यातून सुटत नाही. सुबक ओळीत दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आणि ‘आठ दिवसांच्या आत आलो म्हणजे झाले’ असे वाचणाऱ्याला वाटू लागले. अशा वेळी अटी वेगवेगळ्या ओळींवर क्रमाने लिहाव्यात आणि वर ‘पुढील दोन्ही गोष्टी’ असे स्पष्ट म्हणावे, हा उपाय साधा आणि खात्रीचा आहे. जुन्या मराठी मजकुरातील ‘नाही तोपर्यंत’ हे शब्दही येथेच घात करतात. मूळ अर्थ ‘केले नाही तर’ असा आहे. ‘तोपर्यंत’ म्हटले की केव्हाही येऊन कारण दिले तरी हक्क परत मिळेल, असा भास होतो आणि आठ दिवसांची मुदत पुसट होते.

दुसरी गोष्ट ‘योग्य कारण’ या शब्दांची. ते मूळ कलमात नाहीत. तेथे अधिकाऱ्याचे समाधान होण्याची अट आहे. कारण योग्य होते की नाही, यावर तिऱ्हाईत माणूसही मत देऊ शकतो. समाधान झाले की नाही, हे मात्र प्रथम त्या अधिकाऱ्याने ठरवायचे असते. अर्थात त्याने मनमानी करावी असा त्याचा अर्थ नाही. तरीही निर्णय कोणाचा, हे सांगणारे शब्द बदलले की अधिकार बदलतो. ‘समाधान’ या शब्दाला आपल्या बोलीत ‘पटणे’ हा चांगला शब्द आहे. ‘कारण त्या अधिकाऱ्याला पटले पाहिजे’ असे लिहिले की शब्द सोपा होतो आणि अधिकार जागच्या जागी राहतो.

तिसरी गोष्ट त्या धारणाधिकाराची. धारणाधिकार म्हणजे आपल्या जागेवरचा हक्क. आदर्श स्थायी आदेशांत पुढे असेही म्हटले होते, की हा हक्क गमावलेल्या कामगाराला बदली कामगारांच्या यादीत राहण्याचा हक्क आहे. म्हणजे कायमची जागा गेली तरी कारखान्याशी असलेला संबंध पूर्ण तुटत नव्हता. ‘नोकरी जाईल’ या दोन शब्दांनी ती यादीच पुसून टाकली. घरी आजारी आईपाशी बसलेला माणूस नवव्या दिवशी ती ओळ आठवून ‘आता सगळे संपले’ असे समजला आणि फाटकापर्यंत आलाच नाही, तर त्याचे जे नुकसान होईल ते कलमामुळे झालेले नसेल. ते सोपे करणाऱ्याने केलेले असेल.

चौथी गोष्ट दिवसांच्या मोजणीची. ‘आठ दिवस’ म्हणजे कामाचे आठ दिवस की कॅलेंडरवरील? मूळात ‘कामाचे’ हा शब्द नाही. म्हणून साप्ताहिक सुट्टीही त्यांत धरली जाते. रजेचा शेवटचा दिवस १० तारीख असेल, तर मोजणी ११ पासून सुरू होते आणि आठवा दिवस १८ तारखेला येतो. असे एक उदाहरण दिले की दहा वाक्यांचे काम होते. मात्र १८ तारीख हीच सुट्टीची असेल तर काय, याचे उत्तर कलमात नव्हते. अशी पोकळी आढळली की लेखकाने ती स्वतःच्या मनाने भरू नये. तो प्रश्न व्यवस्थापक आणि युनियन यांच्यासमोर ठेवावा आणि त्यांचा निर्णय लेखी घ्यावा. सोपे करणाऱ्याला अर्थ उलगडण्याची मुभा असते, नवा नियम करण्याची नसते.

एवढे झाल्यावर मजकूर मूळ शब्दांशी प्रामाणिक झाला. परंतु कलमाचा कायदेशीर अर्थ केवळ त्याच्या शब्दांत नसतो. न्यायालयांनी तो कसा वाचला आहे, हेही त्यात येते. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे १९९३ मध्ये दिला. त्या कामगाराला डिसेंबर १९८० मध्ये पत्र मिळाले होते, की आठ दिवसांहून अधिक काळ विनापरवाना गैरहजर राहिल्यामुळे त्याने आपणहून नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे. आपल्याला फाटकातूनच आत सोडले नाही, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीच्या स्थायी आदेशात नोकरी आपोआप संपण्याची तरतूद होती. तरीही न्यायालयाने सांगितले, की माणसाची उपजीविका काढून घेण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, आणि ही अट त्या कलमात गृहीत धरूनच ते वाचले पाहिजे. कामगाराला निम्म्या मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला.

याचा आमच्या मजकुरावर थेट परिणाम होतो. ‘आपोआप’ हा शब्द सोप्या भाषेत अधिकच ठसठशीत दिसतो आणि वाचणाऱ्याला खरा वाटतो. पण तसे वागणाऱ्या मालकाचा निर्णय न्यायालयात टिकत नाही. म्हणून म्हणणे मांडण्याच्या संधीचे वाक्य घालणे हा कामगारावर उपकार नाही आणि कलम सैल करणेही नाही. ते वाक्य असले तरच मजकूर खरोखर अमलात येणारा नियम सांगतो.

शेवटी तयार झालेला मजकूर असा होता:

‘मंजूर झालेली रजा, किंवा ती वाढवून मिळाली असल्यास वाढलेली रजा, संपूनही तुम्ही कामावर आला नाहीत, तर तुम्ही पुढील दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत.
(१) रजा संपल्यापासून आठ दिवसांच्या आत परत या. सुट्टीचे दिवसही या आठांत मोजले जातील. उदाहरणार्थ, रजेचा शेवटचा दिवस १० तारीख असेल, तर १८ तारखेपर्यंत या.
(२) वेळेवर का येता आले नाही, ते व्यवस्थापकांना किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला सांगा. ते कारण त्यांना पटले पाहिजे.
यांपैकी एक जरी गोष्ट झाली नाही, तर तुमचा जागेवरील हक्क जाईल. तसा निर्णय घेण्यापूर्वी तुम्हाला पत्र पाठवून तुमचे म्हणणे मांडण्याची संधी दिली जाईल. जागेवरील हक्क गेला तरी बदली कामगारांच्या यादीत नाव ठेवून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.’

हा मजकूर जुन्या कलमापेक्षा लांब आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. सोपे म्हणजे थोडके, हा समज या कामात टिकत नाही.

मजकुराची परीक्षा आम्ही दोन बाजूंनी केली. फाटकावरील पहारेकरी, यंत्रावरील एक कामगार आणि एक बदली कामगार यांना तो वाचायला दिला. ‘समजले का?’ असे विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘रजा १० तारखेला संपली, तुम्ही १५ तारखेला आलात आणि कारण सांगितले नाही, तर काय होईल?’ असे विचारले. त्यांची उत्तरे मूळ कलमाच्या उत्तराशी जुळली, तेव्हा एक बाजू पुरी झाली. दुसऱ्या बाजूने, मूळ कलम न दाखवता तोच मजकूर वकिलांना दिला आणि त्यातील अटी, मुदत, निर्णय घेणारा आणि परिणाम कायद्याच्या भाषेत मांडण्यास सांगितले. त्यांची मांडणी मूळ कलमाशी ताडली, तेव्हा संधीच्या वाक्याखेरीज काही कमी-जास्त आढळले नाही.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. प्रमाणित झालेले स्थायी आदेश कोणा एकाच्या इच्छेने बदलता येत नसत; त्यासाठी प्रमाणन अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करावा लागे. म्हणून आमचा मजकूर मूळ कलमाच्या शेजारी ‘स्पष्टीकरण’ म्हणून लागला आणि मतभेद झाल्यास प्रमाणित मजकूर मानला जाईल, ही ओळ त्याच्या शेवटी घातली. १९४६ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. म्हणून कोणी हा नमुना आज वापरू इच्छीत असेल, तर त्याने आपल्या कारखान्याला आज लागू असलेले आदेश प्रथम हाती घ्यावेत आणि प्रत्येक ओळ त्यांच्याशी ताडावी.

आणि ज्यांच्या कपाटात ती जुनी फाइल आहे, त्यांनी ती एकदा काढून रजेचे कलम वाचावे. किती दिवस, कोठून मोजायचे, कारण कोणाला पटवायचे आणि हक्क गेला तर पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात सापडत नसतील, तर ती आपल्या कार्यालयात लेखी विचारावीत. लेखी आलेले उत्तर त्याच फाइलमध्ये, नेमणूकपत्राच्या मागे, लावून ठेवावे.