अब्बांचा कुर्ता

अब्बा शिंपी होते. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. त्यांचा स्वतःचा धड असा फोटो मात्र एकच. २०१२च्या मे महिन्यात, बहिणीच्या लग्नात काढलेला. अंगात स्वतः शिवलेला पांढरा सुती कुर्ता, काखेत घामाचा डाग, छातीवर घडीच्या दोन खोल रेघा. ते गेल्यावर अम्मी म्हणाली, "तू फोटोचंच काम करतोस ना? घाम तेवढा काढ. तसल्या कपड्यात ते कधी कुणासमोर गेले नाहीत."

मी घाईने डागावर मऊ ब्रश फिरवला, रेघा पुसल्या. अम्मीने पाहिलं नि म्हणाली, "हा कुर्ता कुठाय? हा तर पत्रा."

तिचं खरं होतं. डाग रंगात असतो, कापड विणीत असतं. मी दोन्ही एकदम पुसलं होतं. मग पुन्हा बसलो. फोटोच्या दोन प्रती एकावर एक ठेवल्या. खालची धूसर केली, पण वीण जेमतेम दिसेनाशी होईल इतकीच. या फोटोला सहा पिक्सेल पुरले. जास्त धूसर केली असती तर डागही वरच्या प्रतीत चढला असता. वरच्या प्रतीवर `Apply Image` घेऊन तीतून खालची प्रत वजा केली: `Subtract`, `Scale` 2, `Offset` 128. मग तिला `Linear Light` दिलं. फोटो पहिल्यासारखाच दिसू लागला, पण आता वर नुसती वीण आणि खाली नुसता रंग नि छाया.

दोन्हींच्या मध्ये `Curves` ठेवून ओला भाग शेजारच्या कोरड्या कापडाइतका उजळ केला. त्यामुळे त्यातल्या चुण्यांची सावली टिकली. सपाट रंग फासला असता तर ती गेली असती. पिवळी झाक `Color` थरावर काढली. डागाची कड मात्र वरच्या प्रतीत उतरली होती. शिवाय भिजलेलं कापड अंगाला चिकटतं, तिथे वीणच पुसट होते; ती उजळून परत येत नाही. कोरड्या बाहीवरून, धागा त्याच दिशेने जाणारा तुकडा शोधून तिथे उतरवला. एकच तुकडा तीनदा वापरला तेव्हा छापाच्या चिटासारखी नक्षी उमटली. ते खोडून वेगवेगळ्या जागांवरून घेतलं.

घडीच्या रेघेला एक काठ उजळ, एक काळोखा. उजळ काठ थोडा दाबला, काळोखा थोडा उचलला, आणि निम्म्यावर थांबलो. कोपराजवळच्या चुण्यांना हात लावला नाही. त्या इस्त्रीच्या नव्हत्या, हात वाकल्याच्या होत्या. त्या काढल्या की बाही रिकामी वाटते.

बारा बाय पंधराची प्रिंट अम्मीपुढे ठेवली. चष्मा लावून तिने आधी चेहरा नव्हे, बाही पाहिली. कोपरावर बोट ठेवून म्हणाली, "मशीनवर बसून बसून हे असंच व्हायचं."

काखेत थोडी सावली उरली होती. तिने तिचं नाव काढलं नाही.