कपाट फुल्ल, तरी बोअर!

कपाट गच्च भरलेलं, आणि सकाळी साडेआठला घालायला मात्र काहीच नाही! हा प्रॉब्लेम तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा असणार. माझाही होता. त्यात गेल्या वर्षी प्रमोशन मिळालं, क्लायंटसमोर उभं राहणं सुरू झालं आणि आरशात अजून कॉलेजमधलीच मी दिसत होते. म्हटलं, शॉपिंगला निघण्याआधी एक मूड बोर्ड करून बघू या.

पिंटरेस्टवर एक सीक्रेट बोर्ड उघडला, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो दिसत नाही. तीन आठवडे, जो पेहराव डोळ्यांना आवडेल तो त्यात टाकत गेले. नियम एकच, फोटो डोक्यापासून पायापर्यंतचा हवा. नुसती कानातली किंवा बॅग नको. असे ३५ फोटो जमले. त्यात माझे स्वतःचे चार टाकले, ज्या दिवशी मी मलाच आवडले होते त्या दिवसांचे. आणि एक आईचा, १९९१ सालचा, सुती साडीतला. एकूण ४०.

एवढ्यावर थांबलं तर बोर्ड सुंदर दिसतो, पण कळत काहीच नाही. कारण आपल्याला वाटतं आपण कपडे सेव्ह करतोय, आणि प्रत्यक्षात सेव्ह होतो तो चेहरा, ते ऊन, तो गोव्याचा समुद्र. म्हणून प्रत्येक फोटोतला चेहरा अंगठ्याने झाकायचा आणि स्वतःला विचारायचं, यात नेमकं आवडलं काय? ‘छान वाटतं’ एवढंच उत्तर आलं तर फोटो डिलीट. गळा, बाही, रंग, उंची, कापड यातल्या कशावर तरी बोट ठेवता आलं तर तो राहिला. माझे १२ उडाले, २८ उरले.

मग चक्क वहीत रकाने आखून मोजलं. २८ पैकी १९ पेहराव वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचे किंवा त्याच रंगाच्या दोन छटांचे. १७ मध्ये बाही कोपरापर्यंत. बहुतेक गळे उघडे, व्ही आकाराचे किंवा कॉलरचे. आणि प्रिंट? फक्त तीन! यातलं काहीही मला आधी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता कपाटाची पाळी. पलंगावर सगळं काढलं. ३१ कुर्ते आणि टॉप, त्यातले २२ प्रिंटेड. प्रिंट वेगवेगळे, पण प्रिंटखाली प्लेनच लागतं, म्हणून सगळ्यांच्या खाली तीच काळी लेगिंग नाहीतर तीच जीन्स. वरचा टॉप रोज बदलतोय आणि कमरेखालची मी मात्र रोज तीच! कंटाळा टॉपचा नव्हताच, त्या जोडीचा होता.

त्यामुळे खरेदीची यादी एकदम आखूड झाली. नेव्ही ब्लू आणि ऑफ-व्हाइट अशा दोन सरळ पँट्स, बस्स. घरातल्या प्लेन कुर्त्यांशी त्यांच्या जोड्या लागल्या. तीन कुर्ते टेलरकाकांकडे नेले. ते म्हणाले, “बाही आखूड होईल, गळा खोल होईल. पण खोल गळा वर नाही घेता यायचा, आणि खांदा उतरत असेल तर त्या भानगडीत पडूच नका.” एक कुर्ता तिथूनच परत आला.

नंतर दहा दिवस ऑफिसला निघताना आरशात फोटो काढून बोर्डवर मूळ फोटोशेजारी ठेवला. इथे दोन गोष्टी लक्षात आल्या. बोर्डवरच्या उंच मुलींचा कुर्ता पोटरीपर्यंत छान दिसतो. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे त्याच लांबीत मी बुटकी दिसते. गुडघ्याच्या जरा वर शिवून घेतला आणि जमलं. इंच नाही, प्रमाण कॉपी करायचं. दुसरं म्हणजे फोटोतली मुलगी नुसती उभी असते. मी कोथरूडहून स्कूटीवर जाते. लिननची पँट ऑफिसला पोहोचेपर्यंत गुडघ्यामागे चुरगळते, आणि घेरदार पलाझो सिग्नलला पाय टेकवताना चपलेत अडकतो. म्हणून ट्रायल रूममध्ये उभं राहून भागत नाही. खाली बसा, हात वर करा, पायरी चढल्यासारखा पाय उचला.

हे सगळं झाल्यावर एकदा आईचा फोटो नीट पाहिला. निळी साडी, त्याच निळ्यातला ब्लाउज, व्ही गळा, बाही कोपरापर्यंत. माझ्या वहीतले सगळे रकाने त्या एका फोटोत भरले होते. आईला दाखवलं तर म्हणाली, “अगं, तेव्हा मॅचिंगलाच स्टाइल म्हणायचे.” तो ब्लाउज तिने अजून जपून ठेवलाय. टेलरकाकांकडे बाहीचं माप म्हणून आता तोच नेते.