शेवटच्या पानापासून वाचलेला निकाल

मार्च 2018 मधली गोष्ट. दुपारी कोर्टातून घरी आले, तर ओसरीवर आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला आणि त्यांची मुलगी बसलेल्या. मुलीच्या हातात रजिस्टर पोस्टाने आलेला कागद. नवऱ्याने एकाच पत्रात तीनदा तलाक लिहून पाठवला होता. मी म्हटलं, "खाला, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागलाय, या कागदाने तलाक होत नाही." त्यावर खाला हळूच म्हणाल्या, "वकील आपा, तिचा दीर म्हणतो, कोर्टाने सहा महिन्यांचीच बंदी घातली होती. फेब्रुवारीत मुदत संपली. म्हणून तर आता पत्र पाठवलं."

दीर खोटं बोलत नव्हता. 'सहा महिने' हे शब्द निकालपत्रात आहेत. पण ते कोर्टाचा आदेश म्हणून नाहीत. हा फरक खालांना समजेल अशा भाषेत एका कागदावर लिहून द्यायचं मी कबूल केलं आणि रात्री निकालपत्र घेऊन बसले.

शायरा बानो प्रकरणाचा हा निकाल 22 ऑगस्ट 2017 चा, 395 पानांचा. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, पण निकालपत्र एक नाही, तीन. पहिलं सरन्यायाधीश खेहर यांचं, त्याला न्यायमूर्ती अब्दुल नझीर यांची सहमती. हे एकटंच अडीचशेहून जास्त पानांचं आहे. मग न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचं छोटं निकालपत्र. शेवटी न्यायमूर्ती नरिमन यांचं, त्याला न्यायमूर्ती लळित यांची सहमती. माणूस पुस्तक वाचतो तसं पहिल्या पानापासून वाचत गेला, तर तो आधी सरन्यायाधीशांचंच म्हणणं वाचतो आणि तेच कोर्टाचं म्हणणं समजतो. निकाल जाहीर झाला त्या सकाळी काही वाहिन्यांनीही तीच चूक केली होती.

म्हणून मी शेवटचं पान उघडलं. तिथे पाचही न्यायमूर्तींच्या सहीने एकच वाक्य आहे. त्याचा आशय असा : मतं वेगवेगळी असल्यामुळे, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात दिलेला तिहेरी तलाक, रद्दबातल ठरवला जात आहे. कोर्टाचा निर्णय एवढाच. त्यात मुदत नाही, शिक्षा नाही, दुसरी कुठलीही अट नाही.

मग सहा महिने आले कुठून? सरन्यायाधीशांच्या निकालपत्राच्या अखेरीस त्यांनी लिहिलं होतं की ही प्रथा वैयक्तिक कायद्याचा भाग आहे, ती कोर्टाने मोडू नये, संसदेने कायदा करावा, आणि तोवर सहा महिने नवऱ्यांना असा तलाक देण्यास मनाई असावी. कायद्याची प्रक्रिया सुरू झाली नाही, तर मनाई संपेल. वाचताना हा अगदी हुकूमच वाटतो. पण त्यावर पाचांपैकी दोघांच्याच सह्या आहेत. तो अल्पमताचा आदेश. बहुमताने प्रथाच रद्द केल्यावर तो लागू होण्याचा प्रश्नच उरत नाही. दीराने वाक्य बरोबर वाचलं होतं, त्याखालच्या सह्या मोजल्या नव्हत्या.

आता कारणं. इथे मीही आधी चुकले होते. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, "समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून कोर्टाने तिहेरी तलाक रद्द केला." पुन्हा वाचल्यावर ते खोडलं. तसं म्हणणारे दोनच न्यायमूर्ती आहेत. नरिमन आणि लळित यांचं म्हणणं असं, की 1937 च्या शरियत कायद्याने या प्रथेला सरकारी कायद्याचं बळ दिलं, म्हणून ती राज्यघटनेच्या कसोटीला लावता येते. आणि समेटाला जागाच न ठेवता नवऱ्याच्या लहरीवर निकाह मोडू देणं ही उघड मनमानी आहे, ती कलम 14 मध्ये बसत नाही.

न्यायमूर्ती जोसेफ त्याच मुक्कामाला पोचले, पण दुसऱ्या वाटेने. 1937 चा कायदा तलाकचे नियम घालून देत नाही, असं त्यांनी मानलं. या एका मुद्द्यावर ते सरन्यायाधीशांच्या बाजूचे होते. पण पुढे ते म्हणतात, की त्या कायद्याने आपल्याला शरियत लागू केली, आणि शरियतचा पहिला आधार कुरआन. कुरआनात तलाकच्या आधी समेटाचा प्रयत्न आहे, दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमणं आहे. ज्या तलाकात ही वाटच बंद होते, तो कुरआनाच्या शिकवणीविरुद्ध, आणि म्हणून शरियतविरुद्ध. 2002 च्या शमीम आरा निकालात सुप्रीम कोर्टाने योग्य कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न या दोन अटी सांगितल्याच होत्या, त्यांचाही त्यांनी आधार घेतला. म्हणजे तिघांचा निर्णय एक, कारण मात्र एक नाही.

दुसऱ्या दिवशी खालांना दिलेल्या कागदावर तीन भाग होते.

निर्णय : एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द. या पत्राने निकाह तुटलेला नाही, तुमची मुलगी आजही त्याची पत्नी आहे.

कारणं : दोघांच्या मते राज्यघटनेविरुद्ध, एकाच्या मते कुरआनाविरुद्ध. उरलेल्या दोघांचं मत वेगळं होतं, ते टिकलं नाही.

आदेश : बहुमताने कुणालाही काही करण्याचा वेगळा आदेश दिलेला नाही. सहा महिन्यांची मनाई अल्पमताची, म्हणून ती लागू झाली नाही आणि संपलीही नाही.

त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली : या निकालाने काय ठरवलं नाही. अहसन आणि हसन या पद्धतींच्या तलाकला त्याने हात लावला नाही. बहुपत्नीत्व आणि हलाला हे विषय त्या सुनावणीत घेतलेच नव्हते. मुलीला खर्ची मिळावी असंही त्यात कुठे नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तीन वर्षांपर्यंत कैदेची जी गोष्ट आज सगळे याच निकालाच्या नावावर सांगतात, ती 2019 च्या कायद्यातली आहे, कोर्टाची नव्हे.

खालांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "मग आम्ही हा दीराला दाखवू का?" मी म्हटलं, "दाखवा, पण सोबत हे पान दाखवा." शेवटच्या पानाची झेरॉक्स मी जोडून ठेवली होती. माझ्या कागदावर त्याने विश्वास ठेवायची गरज नव्हती, पाच सह्या त्याला स्वतःला मोजता येत होत्या.

आठ दिवसांनी मुलीचे मामू आणि सासरकडचे एक चाचा बोलणीला बसले. ती बैठक बरेच दिवस चालली आणि पुढे काय झालं हा त्या घराचा खाजगी मामला आहे. पण मुलगी तिथे तलाकशुदा म्हणून बसली नव्हती, पत्नी म्हणून बसली होती.