सीट मॅपवर दर दिसतो, सीट दिसत नाही

विमानाचं तिकीट काढताना शेवटी तो रंगीबेरंगी चौकोनांचा नकाशा येतो ना, त्याबद्दल लिहितोय. जांभळा चौकोन महाग, निळा मध्यम, राखाडी गेलेला. आपण समजतो की महाग म्हणजे चांगली सीट. तसं नसतं. तो रंग फक्त दर सांगतो. खुर्चीची पाठ मागे जाते का, मागे संडास आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही. पैसे मात्र आधी घेतले जातात.

गेल्या महिन्यात काका-काकूंचं पुणे-दिल्ली तिकीट होतं, रात्री अडीचचं. काका एकाहत्तर वर्षांचे. कंबर धरलेली, डावा गुडघा पूर्ण वाकत नाही, आणि शुगरमुळे दोन तासांत दोनदा तरी उठावं लागतं. काका म्हणाले, "अरे, पुढची कुठलीही घे, पैशाचं बघू नकोस." मी म्हटलं, थांबा, आधी विमान कुठलं ते बघू.

सुरुवात तिथूनच करायची. फ्लाइटच्या तपशिलात बारीक अक्षरांत एक कोड असतो. 320 किंवा 32N म्हणजे एअरबस ए-३२०, 32Q म्हणजे तिचीच लांब बहीण ए-३२१, AT7 म्हणजे पंख्यांचं छोटं एटीआर-७२. कोड सापडला नाही तर नकाशाच्या तळाशी जा आणि शेवटच्या रांगेचा नंबर वाचा. एका बाजूला तीन-तीन सीट आणि शेवट ३० किंवा ३१ वर, तर बहुतेक ए-३२०. शेवट ३७-३८ च्या पुढे, तर ए-३२१. दोन-दोन सीट आणि विसेक रांगा, तर एटीआर, आणि त्यात चढायचं मागच्या दाराने. म्हणजे तिथे 'पुढची सीट, लवकर बाहेर' हा हिशोबच उलटा.

आमचं 32N होतं, तीस रांगांचं. अशा विमानात साधारण एक संडास पुढे, कॉकपिटच्या मागे, आणि दोन अगदी शेपटीला. गॅली, म्हणजे ते छोटं स्वयंपाकघर, तीही दोन्ही टोकांना. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, पाय पसरायला जागा बरी मिळते, पण उड्डाण आणि उतरताना पिशवी पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते. काकांची औषधं पिशवीत. शिवाय गॅलीचा दिवा डोळ्यावर. पहिली रांग बाद.

आता मधला भाग, इथेच खरी गंमत आहे. ए-३२० ला पंखावर दोन्ही बाजूंना दोन-दोन आपत्कालीन दारं असतात. आमच्या नकाशात त्या रांगा १२ आणि १३ होत्या. दारापर्यंतची वाट कायम मोकळी राहिली पाहिजे, म्हणून तिच्या पुढच्या खुर्चीची पाठ मागे झुकू देत नाहीत. १२ च्या दाराची वाट मोकळी हवी म्हणून ११ ची पाठ अडवलेली, आणि १३ ची वाट मोकळी हवी म्हणून १२ ची अडवलेली. झुकते ती फक्त १३. म्हणजे १२ वी रांग 'जास्त लेगरूम' म्हणून सगळ्यात महाग विकली जाते, पाय पसरतात, पाठ मात्र ताठ. ते एक वेळ ठीक, काहीतरी मिळतं तरी. पण ११ वी रांग बघा. ना जास्त जागा, ना पाठ झुकणार, आणि दर अगदी १० व्या रांगेइतकाच. नकाशात दोन्हींचा रंग एक. हे मला अजिबात पटत नाही.

(काही स्वस्त कंपन्यांच्या विमानांत सगळ्याच खुर्च्यांची पाठ पक्की असते. मग हा प्रश्नच मिटतो, तोही वाईट अर्थाने.)

१३ वी रांग काकांना चालली असती, पण त्या रांगेत बसणाऱ्याला गरज पडली तर दार उघडायला मदत करावी लागते. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला तिथे बसवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

राहिली शेपटी. संडास जवळ हवा म्हणून काकू म्हणाल्या, शेवटचीच घे ना. पण ३० व्या रांगेच्या मागे लगेच भिंत, पाठ जेमतेम झुकते किंवा झुकतच नाही. २९ आणि २८ ला रांगेत उभ्या माणसाचा कोपर खांद्याला लागतो, दार उघडलं की उजेड, फ्लशचा आवाज, गॅलीत ट्रॉल्यांची खडखड. संडास जवळ हवा, पण शेजारी नको. चार-पाच रांगा पुढे बसलं की हे बरंचसं मागे राहतं आणि जायला पंधरा पावलं पुरतात. म्हणून २५ वी रांग.

आता अक्षर. नाकाकडे तोंड करून बसलं की डावीकडे A B C, मग वाट, मग D E F. 25D वर बसलेल्याची वाट डाव्या हाताला, म्हणजे काकांचा डावा गुडघा वाटेत थोडा लांब करता येतो (ट्रॉली आली की आत घ्यायचा). उजवा गुडघा दुखत असता तर C घेतली असती. काकूंना 25E. दोन्ही सीट १० व्या रांगेपेक्षा स्वस्त.

उतरायला उशीर होईल ही भीती असते. विमान लांब उभं करून शिडी लावली तर बऱ्याचदा मागचंही दार उघडतात, मग मागचे लोक आधी बसमध्ये. एअरोब्रिज असेल तर मात्र दहा मिनिटं थांबायचं.

सगळं झालं. निघायच्या दोन दिवस आधी मी नकाशा पुन्हा उघडला, ही सवय लावून घ्या, आणि शेवटची रांग ३८ दिसली. कोड 32Q झाला होता. विमान बदललं, पण मेसेज नाही, कारण कंपनीच्या लेखी सीट तीच: 25D. आता 25D पासून मागचा संडास तेरा रांगा लांब. फोनवर उत्तर मिळालं, "सर, तुमची सीट बदललेली नाही." मी जुन्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि नवा, दोन्ही मेलवर पाठवले, लिहिलं की पैसे नंबरचे नव्हते, जागेचे घेतले होते. संध्याकाळी जास्त पैसे न घेता 33D-33E मिळाल्या. स्क्रीनशॉट नसता तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तर मुद्दा असा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूच्या आणि सेवेच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क देतो. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवा, असा आदेश कंपन्यांना दिलाच होता. म्हणजे सीटवाटपात सरकार पडू शकतं. मग पैसे घेऊन विकलेल्या प्रत्येक सीटवर 'पाठ झुकत नाही', 'मागे संडास', 'खिडकी नाही' एवढं छापायला लावणं अवघड नाही. (हो, बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या पुढे डावीकडे एका 'विंडो' सीटला वातानुकूलनाच्या नळामुळे खिडकीच नसते, आणि तीही विंडो म्हणूनच विकतात.) कंपनीला ही माहिती नाही असं थोडंच आहे? खुर्च्या त्यांनीच बसवल्यात.

अजून एक. सीट न निवडता पुढे जाण्याचं बटण फिकट करून कोपऱ्यात टाकलेलं असतं. पडद्याची मांडणी अशी करून गिऱ्हाइकाला फसवणं हे केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचनांत नावासकट आलंय. ते बटण शोधा, सीट फुकट मिळते, फक्त कुठली ते आपल्या हातात नसतं. आणि पैसे भरून वेगळीच जागा पदरी पडली तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग एअरसेवा पोर्टल, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत विमानाचा कोड, रांगेचा नंबर आणि दोन्ही तारखांचे स्क्रीनशॉट जोडा.